किती स्त्रिया तपासाव्यात? रक्तक्षयाच्या पाहणीतील नमुन्याचा हिशेब

एखाद्या लोकसमूहात ठरावीक काळी किती टक्के व्यक्तींना एखादा विकार आहे, या प्रमाणाला त्या विकाराची व्याप्ती म्हणतात, आणि सर्वांनाच तपासणे शक्य नसल्यामुळे थोड्या व्यक्ती निवडून, म्हणजेच नमुना घेऊन, ती अजमावली जाते. नमुना किती मोठा असावा हे सांगणारे सूत्र एका ओळीचे आहे. मात्र त्यात कोणते आकडे घालावेत आणि सूत्रातून निघालेल्या संख्येवर किती विसंबावे, याविषयी प्रत्यक्ष पाहणी करणारे आणि संख्याशास्त्र शिकवणारे यांच्यात जुना मतभेद आहे. तो मतभेद येथे एका तालुका आरोग्य अधिकारी आणि संख्याशास्त्राचे एक प्राध्यापक यांच्या कल्पित संवादातून मांडला आहे.

चर्चेसाठी धरलेली पाहणी बीड जिल्ह्यातील एका तालुक्यातली असून, १५ ते ४९ या वयोगटातील स्त्रियांपैकी किती जणींना रक्तक्षय आहे आणि किती जणींना तीव्र रक्तक्षय आहे, हे दोन आकडे तिच्यातून काढावयाचे आहेत. गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या दर डेसिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असल्यास रक्तक्षय आणि ८ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तीव्र रक्तक्षय समजला जातो. गर्भवतींसाठी पहिली मर्यादा ११ ग्रॅमची आहे. बीडची निवड सहेतुक आहे. दिवाळीच्या आगेमागे या जिल्ह्यातील फार मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात व मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात, त्यामुळे पाहणीच्या यादीत नाव आहे पण घराला कुलूप आहे, हा प्रसंग तेथे नित्याचा असतो.

अधिकारी : नमुन्याच्या आकाराचा प्रश्न एवढा अवघड का केला जातो, हे समजत नाही. व्याप्ती ठाऊक नसेल तर ती ५० टक्के धरावी, ५ टक्के चूक चालेल असे म्हणावे आणि ३८५ स्त्रिया तपासाव्यात, हे वैद्यकीय महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थी जाणतो. काही घरे बंद असतील म्हणून त्यात २० टक्के भर घातली की ४६२ होतात. एखादे घर बंदच निघाले तर शेजारच्या घरातील स्त्री घेता येते. आशा सेविका सोबत असतील तर हे काम पंधरा दिवसांत उरकते.

प्राध्यापक : डॉक्टर, ३८५ ही संख्या चुकीची नाही, परंतु ती तीन गृहीतकांवर उभी आहे आणि त्यांतील एकही या पाहणीत तसेच्या तसे लागू होत नाही. सूत्र समोर ठेवले तर ते लगेच ध्यानात येईल.

```
n = Z² × p × (1 − p) ÷ d²
```

येथे n म्हणजे नमुन्यातील व्यक्तींची संख्या आणि p म्हणजे अपेक्षित प्रमाण, अर्थात पाहणीपूर्वी केलेला व्याप्तीचा अंदाज होय. d ही अचूकता आहे, म्हणजे निघालेल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना किती फरक चालवून घ्यावयाचा आहे ते अंतर. Z हा विश्वासाच्या पातळीतून येणारा गुणक असतो. तीच पाहणी त्याच पद्धतीने पुनःपुन्हा केली तर शंभरांतील सुमारे पंच्याण्णव वेळा काढलेल्या मर्यादांच्या आत खरे प्रमाण सापडावे अशी अपेक्षा असेल, तर Z ची किंमत १.९६ घेतात, आणि त्या मर्यादांना ९५ टक्के विश्वास-अंतराल म्हणतात. p च्या जागी ०.५० आणि d च्या जागी ०.०५ घातल्यास उत्तर ३८४.१६ येते व ते वरच्या पूर्णांकापर्यंत नेले की ३८५ होते.

अधिकारी : मग पहिला आक्षेप अपेक्षित प्रमाणावर असणार. व्याप्ती शोधण्यासाठी जी पाहणी करावयाची तिच्या आधीच व्याप्ती ठाऊक असावी, ही अपेक्षाच विचित्र आहे.

प्राध्यापक : विचित्र वाटली तरी रक्तक्षयाच्या बाबतीत ती फारशी अडचणीची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातील या वयोगटातील ४८ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता आणि पाचव्या फेरीत, २०१९ साली, ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये. सूत्रात ४८ टक्के घातले तर ३८४ स्त्रिया लागतात आणि ५४ टक्के घातले तर ३८२. प्रमाण निम्म्याच्या आसपास असते तेव्हा p आणि (१ − p) यांचा गुणाकार जवळजवळ स्थिर राहतो, म्हणून अंदाज सहा टक्क्यांनी चुकला तरी नमुन्यात दोन स्त्रियांचाच फरक पडतो. खरी अडचण तीव्र रक्तक्षयाची आहे, कारण तो थोड्या स्त्रियांना असतो. तो ३ टक्के आहे असे धरून हेच सूत्र ५ टक्के अचूकतेने चालवले, तर किती स्त्रिया पुरतील असे वाटते?

अधिकारी : सूत्राप्रमाणे ४५.

प्राध्यापक : आणि त्या ४५ स्त्रियांत तीव्र रक्तक्षयाची एखादी किंवा दुसरी आढळेल. त्यावरून काढलेले अंतराल शून्याखाली २ टक्क्यांपासून वर ८ टक्क्यांपर्यंत जाईल, म्हणजे तपासणी न करताही जेवढे सांगता आले असते त्याहून फारसे अधिक त्यातून कळणार नाही. सूत्राने गणित बरोबरच केले, पण त्याला दिलेली अचूकता अर्थहीन होती.

येथे अचूकतेच्या दोन प्रकारांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडील अनेक प्रबंधांतील नमुन्याचे हिशेब याच ठिकाणी घसरतात. ५४ टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना पाच टक्के, म्हणजे ४९ ते ५९, असे ठरवले तर ती निरपेक्ष अचूकता होय. ५४ टक्क्यांच्या स्वतःच्या वीस टक्के, म्हणजे दोन्ही बाजूंना १०.८, असे ठरवले तर ती सापेक्ष अचूकता होय. वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकवले जाणारे 4pq/L² हे सूत्र वर दिलेल्या सूत्राचेच रूप आहे, त्यात १.९६ ऐवजी २ घेतलेले असतात आणि q म्हणजे (१ − p). मात्र त्यातील L अनेकदा सापेक्ष, व्याप्तीच्या १० किंवा २० टक्के, असा घेतला जातो आणि प्रबंधात केवळ ‘चूक २० टक्के धरली’ एवढेच लिहिले जाते. ५४ टक्क्यांसाठी या रीतीने ८६ स्त्रिया पुरतात, तर ३ टक्क्यांसाठी ३,२३४ लागतात. एकाच वाक्यातून इतक्या दूरच्या संख्या निघत असतील, तर ते वाक्य अपुरे आहे हे उघड आहे.

अधिकारी : भेद पटला. पण मग दोहोंपैकी योग्य कोणता?

प्राध्यापक : दुर्मीळ विकारासाठी निरपेक्ष पाच टक्के निरुपयोगी आहेत, म्हणून तीव्र रक्तक्षयासाठी अचूकता एक टक्का धरावी, म्हणजे २ ते ४ टक्के असे सांगता येईल. त्यासाठी १,११८ स्त्रिया लागतील.

अधिकारी : सर, हा एक टक्का कोठून आला? पाच टक्के हे रूढीने आलेले आहेत असा आक्षेप घ्यावयाचा, आणि एक टक्का मात्र आकडा सुबक आहे म्हणून स्वीकारावयाचा, हे न्याय्य नाही. तालुक्याला हा आकडा एकाच कामासाठी हवा आहे. तीव्र रक्तक्षय असलेल्या स्त्रियांना केवळ गोळ्या देऊन भागत नाही. त्यांना शिरेतून लोह द्यावे लागते, काहींना रक्तही द्यावे लागते, आणि त्यासाठी औषधे व खाटा यांची मागणी वर्षाच्या आरंभी नोंदवावी लागते. तालुक्यात या वयोगटातील ६० हजार स्त्रिया आहेत असे धरले, तर ३ टक्के म्हणजे १,८०० होतात. प्रत्यक्षात त्या १,२०० निघाल्या काय किंवा २,४०० निघाल्या काय, पहिली मागणी १,८०० जणींचीच केली जाईल आणि उरलेली सहा महिन्यांनी सुधारली जाईल. खाली ९०० आणि वर २,७०० या मर्यादाही चालतील. पण त्या पलीकडे गेले तर औषधे वाया जातील किंवा अपुरी पडतील. म्हणजे दोन्ही बाजूंना दीड टक्का पुरे.

प्राध्यापक : हा युक्तिवाद मान्य करावाच लागेल. अचूकता ही निर्णय घेणाऱ्याने निर्णय पाहून सांगावयाची गोष्ट आहे. संख्याशास्त्राने तिची किंमत किती पडते तेवढेच सांगावे. दीड टक्क्याने १,११८ ऐवजी ४९७ स्त्रिया लागतात, म्हणजे निम्म्याहून कमी, कारण सूत्रात d चा वर्ग आहे आणि अचूकता दुप्पट करावयाची तर नमुना चौपट करावा लागतो. एवढे मात्र नोंदवून ठेवावे की ४९७ पैकी सुमारे १५ स्त्रियाच तीव्र गटातील असतील आणि इतक्या कमी संख्येवर दोन्ही बाजूंना सारखे पसरणारे अंतराल बरोबर नसते. नियोजनासाठी हे सूत्र चालेल. अहवालात मात्र विल्सनच्या पद्धतीने अंतराल काढावे. त्याने ३ टक्क्यांसाठी १.८ ते ४.९ अशी मर्यादा मिळते, ती वरच्या बाजूला अधिक लांब असते आणि शून्याखाली कधी जात नाही.

अधिकारी : सरपंच आणि पंचायत समितीचे सदस्य नेमका उलटा प्रश्न विचारतात. ६० हजार स्त्रियांसाठी पाचशेचा नमुना कसा पुरेल, असे त्यांचे म्हणणे असते.

प्राध्यापक : शितावरून भाताची परीक्षा करताना भांडे लहान की मोठे हे पाहिले जात नाही; भात सारखा शिजला आहे का आणि शिते भांड्याच्या सर्व थरांतून घेतली का, हे पाहिले जाते. सूत्रात लोकसंख्या येतच नाही. गट फारच लहान असेल, समजा दोन हजार स्त्रियांचा, तर ३८५ ऐवजी ३२३ पुरतात. ६० हजारांच्या बाबतीत ही सवलत नगण्य आहे. ‘सर्व थरांतून’ हा शब्द मात्र पुढचा प्रश्न उभा करतो. साठ हजार नावांच्या यादीतून यादृच्छिक रीतीने, म्हणजे प्रत्येकीला निवडले जाण्याची सारखी संधी देऊन, पाचशे नावे उचलली जाणार आहेत का?

अधिकारी : अर्थातच नाही. पाचशे नावे तीनशे वाड्या-वस्त्यांवर विखुरली तर जीपचे डिझेलच पाहणीचा निधी खाऊन टाकेल. काही गावे निवडावयाची आणि प्रत्येक गावात ठरावीक स्त्रिया तपासावयाच्या, हीच व्यवहार्य रीत आहे. लसीकरणाच्या पाहणीत जागतिक आरोग्य संघटनेने रूढ केलेली तीस गावे आणि प्रत्येकी सात बालके ही पद्धत हेच करते.

प्राध्यापक : ती २१० बालके कोठून आली हे पाहिले तर उत्तर त्यातच आहे. ५० टक्के प्रमाण आणि दोन्ही बाजूंना १० टक्के अचूकता धरली की सूत्रातून ९६ ची संख्या निघते; ती दुप्पट करून १९२ झाली, तीस गावांत समान वाटण्यासाठी ती २१० केली गेली. ही दुप्पट म्हणजेच डिझाइन इफेक्ट. एका गावातील स्त्रिया एकाच विहिरीचे पाणी पितात, एकाच रेशन दुकानातून धान्य आणतात, त्यांच्यातील अनेक एकाच आशा सेविकेकडून गोळ्या घेतात, म्हणून त्या एकमेकींसारख्या असतात आणि गावातील दहावी स्त्री पहिल्या नऊंहून फारसे नवे काही सांगत नाही. हे साम्य मोजणारा गुणांक ० ते १ यांच्या दरम्यान असतो, आणि डिझाइन इफेक्ट काढण्यासाठी गावागणिक स्त्रियांच्या संख्येतून एक वजा करून तिला त्या गुणांकाने गुणावे व त्यात १ मिळवावा. गुणांक ०.०५ धरला तर गावात दहा स्त्रिया घेतल्यास १.४५ येतो आणि वीस घेतल्यास १.९५. म्हणून अधिक गावे व प्रत्येकी थोड्या स्त्रिया, हे नेहमी चांगले. त्याची किंमत डिझेलमध्ये मोजावी लागते.

दहा स्त्रियांची रीत ठरवून दोघांनी आकडे मांडले. रक्तक्षयासाठी ३८२ ला १.४५ ने गुणले की ५५४ स्त्रिया होतात. तीव्र रक्तक्षयासारख्या विरळ स्थितीत गावातील साम्य सामान्यतः कमी असते, म्हणून तेथे गुणांक ०.०२ धरला, त्याचा डिझाइन इफेक्ट १.१८ आला आणि ४९७ चे ५८७ झाले. हे दोन्ही गुणांक गृहीतके आहेत, मोजमापे नव्हेत. जवळच्या जिल्ह्यातील जुन्या पाहणीची मूळ आकडेवारी हाती आली, तर ते तिच्यावरून काढून हिशेब पुन्हा करणे हेच योग्य. दोन्ही उद्दिष्टे एकाच पाहणीतून साधावयाची असल्यामुळे दोहोंतील मोठी संख्या, म्हणजे ५८७, आधाराला घेतली.

अधिकारी : आता बंद घरांची २० टक्के भर घालून ७०४ स्त्रिया.

प्राध्यापक : येथे गुणाकार नव्हे, भागाकार करावयाचा असतो. यादीतील शंभरांपैकी ऐंशी जणीच तपासल्या जाणार असतील, तर ५८७ ला ०.८० ने भागावे म्हणजे ७३४ येतात. सातशेचार नावे घेतली तर त्यांच्या ऐंशी टक्के म्हणजे ५६३ जणीच हाती लागतील आणि चोवीस कमी पडतील. अप्रतिसाद वाढतो तशी ही तफावत झपाट्याने वाढते. ४० टक्के अप्रतिसादाला भर ४० टक्के नव्हे, तर सुमारे ६७ टक्के घालावी लागते. गावागणिक तेरा नावे घ्यावीत, तपासल्या जातील सरासरी दहा, आणि ७३४ साठी ५७ गावे निवडावीत, म्हणजे एकूण ७४१ नावे होतील.

अधिकारी : म्हणजे अप्रतिसादाची सोय झाली.

प्राध्यापक : नाही, झाली नाही. वादाचा खरा मुद्दा येथून सुरू होतो. या भरीने एवढेच साधते की घरे बंद असूनही तपासलेल्या स्त्रियांची संख्या ५८७ च्या खाली जात नाही. ज्या स्त्रिया तपासल्या गेल्या नाहीत त्यांच्याविषयी मात्र काहीच कळत नाही.

हा मुद्दा आकड्यांनी पाहणे इष्ट. पाहणी जानेवारीत झाली असे समजावे. गावात राहिलेल्या, म्हणजे सापडलेल्या स्त्रियांत रक्तक्षय ५२ टक्के आहे आणि तोडीवर गेलेल्या, म्हणजे न सापडलेल्या स्त्रियांत तो ७० टक्के आहे, असे केवळ उदाहरणादाखल धरावे. तोडीवरच्या स्त्रीचा दिवस पहाटे सुरू होतो, मोळ्या वाहण्यात जातो आणि कारखान्याच्या तळावरील कोपीत संपतो, तेथे तिच्यापर्यंत गावच्या आशा सेविकेच्या गोळ्या पोहोचत नाहीत, तेव्हा हा फरक अशक्य कोटीतील नाही. न सापडलेल्या २० टक्के असतील, तर तालुक्यातील खरे प्रमाण ०.८० गुणिले ५२ अधिक ०.२० गुणिले ७०, म्हणजे ५५.६ टक्के होते, पण पाहणी ५२ सांगते. ही ३.६ टक्क्यांची चूक नमुना निवडताना योगायोगाने होणारी चूक नव्हे. ती दर वेळी त्याच दिशेने झुकते. अशा चुकीला अभिनती म्हणतात, आणि तिचे माप न सापडलेल्यांचा वाटा गुणिले दोन गटांतील फरक, म्हणजे ०.२० गुणिले १८, एवढे असते. या गुणाकारात नमुन्याच्या आकाराला कोठेही स्थान नाही.

अधिकारी : पण नमुना मोठा घेतला तर निदान आकडा अधिक पक्का होईल.

प्राध्यापक : तो अधिक पक्का होईल आणि अधिक चुकीचाही होईल. दोन्ही बाजूंना पाच टक्के असलेल्या पाहणीचे अंतराल ४७ ते ५७ येते आणि त्यात खरे ५५.६ बसते. आता शासनाने निधी देऊन नमुना दसपट केला असे समजावे. अंतराल आक्रसून ५०.४ ते ५३.६ होईल आणि खरे प्रमाण त्याच्या बाहेर पडेल. लहान पाहणी निदान आपल्या अनिश्चिततेमुळे सत्याला सामावून घेत होती. मोठी पाहणी ते पंच्याण्णव टक्के विश्वासाने नाकारते.

अधिकारी : म्हणूनच तर शेजारचे घर घेण्याची रीत आहे. स्त्रियांची संख्या पूर्ण होते.

प्राध्यापक : संख्या पूर्ण होते आणि अप्रतिसाद अदृश्य होतो. कुलूप लागलेल्या घराच्या शेजारी जिचे घर उघडे आहे ती स्त्री गावात राहिलेल्यांपैकीच असते. तिने न सापडलेलीची जागा घेतली तरी तिच्यासारखी ती होत नाही. शिवाय अहवालात ‘प्रतिसाद १०० टक्के’ असे छापले जाते आणि पुढच्या वाचकाला शंका घेण्याचे कारणच उरत नाही. नोंदवहीत बंद घर ‘बंद घर’ म्हणूनच राहिले पाहिजे.

अधिकारी : मग पाहणी जूनमध्ये करावी. टोळ्या परतलेल्या असतात, घरे उघडी असतात, प्रतिसाद नव्वदच्या वर जाईल.

प्राध्यापक : संख्याशास्त्राच्या दृष्टीने हेच सर्वांत स्वस्त उत्तर आहे.

अधिकारी : वैद्यकाच्या दृष्टीने मात्र त्यात खोट आहे, आणि ती आधीच सांगितलेली बरी. जूनमध्ये मोजलेले हिमोग्लोबिन हे परतल्यावर दोन-तीन महिने घरी राहिलेल्या स्त्रीचे असेल, तोडीच्या ऐन भरातले नव्हे. व्याप्ती ठरावीक काळची असते, म्हणून काळ बदलला की प्रश्नही बदलतो. गोळ्यांचे वाटप कोठे व्हावे, गावात की तळावर, हे ठरवावयाचे असेल तर जानेवारीचाच आकडा लागेल.

या टप्प्यावर प्राध्यापकांनी एक जुनी पद्धत पुढे केली. अमेरिकेतील मॉरिस हॅन्सेन आणि विल्यम हरविट्झ यांनी १९४६ साली असे सुचवले होते की पाहणीत प्रतिसाद न देणाऱ्या सर्वांच्या मागे धावण्यापेक्षा त्यांच्यातून यादृच्छिक रीतीने एक लहान उपनमुना निवडावा, त्यांच्यापर्यंत हर प्रयत्नाने पोहोचावे आणि त्यांच्या उत्तरांना सर्व न सापडलेल्यांचे वजन द्यावे. ७४१ नावांपैकी सुमारे १४८ स्त्रिया सापडणार नाहीत असे धरले, तर त्यांतून ५० नावे चिठ्ठ्या टाकून काढावीत आणि त्या स्त्रिया कोणत्या कारखान्याच्या कोणत्या तळावर आहेत हे त्यांच्या मुकादमाकडून विचारून तेथे जाऊन तपासणी करावी.

अधिकारी : पन्नास स्त्रियांसाठी तीन जिल्ह्यांतील तळ पालथे घालावयाचे? त्याच खर्चात गावात आणखी तीनशे स्त्रिया तपासून होतील.

प्राध्यापक : होतील, आणि त्या तीनशेही ५२ टक्केच सांगतील. आता पन्नासांचा हिशेब पाहावा. त्यांच्यातील ३५ जणींना रक्तक्षय निघाला तर न सापडलेल्यांसाठी ७० टक्के मिळाले, आणि सापडलेल्या ५९३ जणींच्या ५२ टक्क्यांशी वाट्यानुसार जोडल्यावर ५५.६ हे उत्तर आले. दोन्ही गटांना तोच डिझाइन इफेक्ट लावला तर अंतराल ४.८ वरून सुमारे ५ टक्क्यांवर जाते, म्हणजे अचूकतेत दोन दशांश टक्क्यांचा तोटा झाला आणि ३.६ टक्क्यांची अभिनती गेली. पाहणीच्या खर्चात यापेक्षा चांगला सौदा क्वचितच मिळतो.

अधिकारी : पन्नासही सापडल्या नाहीत तर?

प्राध्यापक : तर अहवालात तसे लिहावे आणि सोबत दोन टोके द्यावीत. न सापडलेल्या २० टक्क्यांपैकी एकीलाही रक्तक्षय नसेल तर प्रमाण ४१.६ टक्के आणि सर्वांना असेल तर ६१.६. ही टोके फार दूर आहेत हे खरे, पण अप्रतिसादाने किती अज्ञान पाहणीत आणले ते त्यांतून दिसते. मधला एक पडताळाही आहे. पहिल्याच भेटीत सापडलेल्या, दुसऱ्या भेटीत सापडलेल्या आणि तिसऱ्या भेटीत सापडलेल्या स्त्रियांचे प्रमाण वेगवेगळे काढावे. ते ५०, ५४, ५८ असे चढत गेले, तर जिला भेटणे कठीण तिला रक्तक्षय अधिक, अशी खूण मिळते आणि जी कधीच भेटली नाही तिच्याविषयी निश्चिंत राहता येत नाही. त्यासाठी प्रत्येक भेटीची तारीख व वेळ नोंदवहीत हवी, आणि भेटी वेगवेगळ्या प्रहरी हव्यात; तीनही वेळा सकाळी अकराला गेले तर शेतावर गेलेली स्त्री तीनही वेळा शेतावरच असते.

अधिकारी : आणखी एक भेद नोंदवहीत ठेवावा लागेल. घर बंद असणे वेगळे आणि स्त्री समोर असून बोट टोचू न देणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात प्रश्नांची उत्तरे मिळतात पण रक्त मिळत नाही, आणि अशा स्त्रिया बहुधा नुकत्याच तपासणी झालेल्या गर्भवती असतात किंवा ज्यांच्या घरात टोचण्याविषयी भीती आहे अशा असतात. या दोन कारणांचा रक्तक्षयाशी संबंध एकाच दिशेचा असेलच असे नाही.

प्राध्यापक : अगदी योग्य. आणि जी स्त्री लग्न होऊन कायमची दुसऱ्या गावी गेली किंवा जिचे वय पन्नास झाले, ती अप्रतिसादात धरूच नये. ती मुळात या लोकसमूहातच नाही. या तिन्हींची सरमिसळ झाली तर २० टक्के हा आकडाच निरर्थक ठरतो. पाहणीआधी दोन गावांत चाचणी घेऊन हे तीन रकाने वेगळे मोजले, तर २० टक्के हे गृहीतक राहणार नाही, मोजलेला आकडा होईल.

अधिकाऱ्यांची एक हरकत मात्र शेवटपर्यंत कायम राहिली, आणि ती दुर्लक्षून चालण्यासारखी नाही. नमुना जसा वाढतो तसा प्रत्येक कार्यकर्तीच्या वाट्याला येणारा दिवसाचा भार वाढतो, बोट पिळून रक्त काढण्याची घाई होते, त्यात ऊतकांतील पाणी मिसळून हिमोग्लोबिन खोटे कमी दिसू शकते, आणि ही चूकही अप्रतिसादाप्रमाणेच नमुन्याच्या आकाराने भरून निघत नाही. प्राध्यापकांनी हे मान्य केले. त्यांचा दावा एवढाच होता की म्हणूनच ७४१ च्या पलीकडे एकही नाव वाढवू नये आणि वाचलेला वेळ तळांवर द्यावा.

अखेरीस नियोजनाच्या कागदावर पुढील गोष्टी उतरल्या: रक्तक्षयासाठी निरपेक्ष अचूकता ५ टक्के व अपेक्षित प्रमाण ५४ टक्के, तीव्र रक्तक्षयासाठी अचूकता १.५ टक्के व अपेक्षित प्रमाण ३ टक्के, डिझाइन इफेक्ट अनुक्रमे १.४५ व १.१८, प्रतिसाद ८० टक्के, गावे ५७, प्रत्येकी १३ नावे, घरी किमान तीन भेटी, शेजारचे घर घेण्यास मनाई आणि न सापडलेल्यांपैकी ५० जणींची तळांवर जाऊन तपासणी. या पन्नास जणींचा प्रवासखर्च मूळ अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून दाखवला पाहिजे, कारण पाहणी सुरू झाल्यावर मागितलेला असा निधी वेळेवर मिळत नाही आणि तोवर गाळप हंगाम संपलेला असतो.